प्लेट भिंतीकडे, साहेब प्लेटकडे

परदेशी मशीन बसवताना मोटारीची प्लेट नेमकी भिंतीच्या बाजूला यावी, अशी आमच्या खात्याची जुनी शिस्त आहे. मग मोबाईल मागे सरकवून आंधळा फोटो काढायचा आणि तो बघायला अर्धं शॉप गोळा व्हायचं.

परवाचं मशीन जर्मन. प्लेटवर 2,2 किलोवॅट, 8,1/4,7 अँपिअर. जर्मन माणूस दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतो. स्टोअरच्या भाऊंनी तो डाग समजून सोडला आणि 47 अँपिअरच्या ओव्हरलोड रिलेचं कोटेशन मागवलं. म्हटलं, "भाऊ, आपल्या सप्लायवर एचपीला दीड अँपिअर धरा. तीन एचपीची मोटार 47 खायला लागली तर तिला आधी डॉक्टरकडे न्यावं लागेल."

खरी गंमत व्होल्टेजची. प्लेटवर त्रिकोण आणि वाय, पुढे 230/400. म्हणजे प्रत्येक वाइंडिंग 230 ची. लाइन 230 असेल तर डेल्टा, 400 असेल तर स्टार. आपले 415 स्टारमध्ये दिले की वाइंडिंगवर 240 येतात, तेवढं ती सोसते. पण आमच्या वायरमनच्या डोक्यात एकच सूत्र: "तीन एचपी झाली की डेल्टा." देशी मोटारीला ते बहुतेक वेळा लागू पडतं, कारण तिच्या प्लेटवर 415 डेल्टा असतं. इथे तसं केलं तर 230 च्या वाइंडिंगवर थेट 415. मोटार भार नसतानाच गुरगुरते, तापते, रिले ट्रिप होतो. आणि रिले 47 चा असेल, तर वार्निशच्या वासावरून कळतं.

तेवढ्यात साहेबांनी फोटो मोठा केला. "खाली 460 लिहिलंय! आपले तर 415 च आहेत. लावा डेल्टा बिनधास्त." ती ओळ 60 हर्ट्झची होती, तिच्यासमोरही वाय होताच, पण फोटोत त्यावर साहेबांचा अंगठा होता.

शेवटी टर्मिनल बॉक्स उघडला. खालच्या ओळीत यू1, व्ही1, डब्ल्यू1, तिथे सप्लाय. वरच्या ओळीत डब्ल्यू2, यू2, व्ही2. पितळी पट्ट्या आडव्या टाकून तिघांना एकत्र बांधलं, झाला स्टार. त्याच पट्ट्या उभ्या टाकल्या असत्या तर डेल्टा. वायरमन तोपर्यंत पॅनलमधली निळी तार बी फेजला लावायला निघाला होता. त्या ड्रॉइंगमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, आणि तो ज्या काळीला न्यूट्रल समजत होता ती फेज. त्याला चहाला पाठवलं.

रिले 4.7 वर ठेवला, मशीन चालू केलं. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेज 4 च्या आसपास, सारखे.

साहेब अजून प्लेटवरच. "मग ते 8.1 कशाला छापलंय?"

"डेल्टासाठी, साहेब. नॉर्वेत बऱ्याच ठिकाणी थ्री फेज लाइनच 230 ची असते."

"मग नॉर्वेवाल्यांचा आकडा आपल्याला कशाला पाठवला? मेल टाका त्यांना."