'जंतू शिकतात' हे आशाताईंना कसं पटवायचं?

"अँटिबायोटिकला तोंड द्यायला जंतू शिकतात, असं आमच्या माहितीच्या स्क्रिप्टमध्ये आहे. पण आमच्या आशाताई विचारतात, जंतूला डोकं नाही मग तो शिकतो कसा?"

बरोबर विचारतात त्या, एकटा जंतू काही शिकत नाही. स्क्रिप्टमध्ये गुलाबी बोंडअळी घ्या, विदर्भात कुणालाही पटते. बीटी कपाशी खाऊन बाकीच्या अळ्या मेल्या, पण ज्या मोजक्या आधीपासूनच तगणाऱ्या होत्या त्या उरल्या, त्यांचीच पिल्लं झाली आणि काही वर्षांत शेतभर त्याच. जंतूंचं हेच काही दिवसांत होतं, कारण खाणंपिणं नीट असेल तर ई. कोलाय वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात.

मग एक गोष्ट सांगा. सुनेला सर्दी झाली, सासूने कपाटातल्या उरलेल्या चार अमॉक्सिसिलिन दिल्या. सर्दी व्हायरसची, त्याला गोळीने काहीच होत नाही, मार बसला तो आतड्यातल्या जंतूंना. त्यातल्या काहींकडे औषध तोडणारं एन्झाइम होतं, ते वाचले, वाढले आणि ते एन्झाइम बनवायची कृती शेजारच्या जंतूलाही देऊन टाकली (हे मात्र खरंच शिकवल्यासारखं आहे 😅). महिन्याने लघवीला जळजळ, जंतू आतड्यातलाच, आता तीच गोळी दिली तर दोन-तीन दिवसांनीही जळजळ तशीच, वर ताप-थंडी. अशा वेळी गोळी बदलून बघत बसायचं नाही, सरळ पीएचसीला पाठवून लघवीचं कल्चर करायला सांगायचं.

आणि हो, 'शरीराला गोळीची सवय झाली' हे वाक्य स्क्रिप्टमधून काढाच. सवय शरीराला नाही, जंतूंना. नाहीतर "मी तर कधी अँटिबायोटिक घेतलंच नाही, मला काय" असं लोक म्हणतात, आणि तगडा जंतू तर दुसऱ्याच्या हातावरून, पाण्यातूनही येतो.