दुहेरी चौकोनी कंस लावले तरी आकड्यांची तुलना होत नाही

दावा: «बॅशमध्ये `[ $usage > 80 ]` चालतं, चुकत असतं तर एरर आली असती. आणि शंका असेल तर `\>` लिहा किंवा `[[ ]]` असे दुहेरी कंस लावा, मग आकडे नीट तपासले जातात.»

आधी एररचं. `[` हे चिन्ह नाही, ती एक कमांड आहे. `]` हा तिचा शेवटचा आर्ग्युमेंट. मधला `>` तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. शेल तो आधीच उचलतं, `80` नावाची फाइल तयार करतं आणि कमांडचं आउटपुट तिकडे वळवतं. `$usage` मध्ये 9 असेल, तर `[` ला उरतं ते फक्त `[ 9 ]`, म्हणजे "ही स्ट्रिंग रिकामी नाही ना?" उत्तर कायम होकारार्थी. व्याकरणात काहीच चुकलेलं नसल्यामुळे `bash -n` सुद्धा गप्प राहतं. `set -x` लावलं तर मात्र लक्षात येतं:

```
+ '[' 9 ']'
```

80 गायब! फोल्डरमध्ये शून्य बाइटची `80` सापडली की खात्रीच. क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टची ही फाइल बहुधा होम डिरेक्टरीत पडलेली असते, म्हणून स्क्रिप्टशेजारी शोधणाऱ्याला ती दिसत नाही. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यातला मजकूर पुसला जातो, हे आणखी वाईट.

आता सुचवलेला उपाय. माझ्या मते तो मूळ चुकीपेक्षा घातक आहे, कारण फाइल तयार होणं थांबतं आणि संशय घ्यायला जागा उरत नाही. `[[ ]]` मध्ये `>` तुलना करतो खरा, पण स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरागणिक. डिस्क 80 टक्क्यांवर गेली की जुने लॉग पुसणारी स्क्रिप्ट घ्या:

```
[[ 9 > 80 ]]    # खरं
[[ 100 > 80 ]]  # खोटं
```

पहिल्या ओळीत '9' हा '8' च्या पुढचा, म्हणून जेमतेम 9 टक्के भरलेल्या डिस्कवरचे लॉग पुसले जातील. दुसरीत '1' हा '8' च्या आधीचा, म्हणून डिस्क तुडुंब भरली तरी स्क्रिप्ट ढिम्म. 10 ते 99 मध्ये उत्तरं बरोबर येतात, त्यामुळे चाचणीत हे सहसा पकडलंच जात नाही. `[ 9 \> 80 ]` चंही तेच.

आकड्यांसाठी हे लिहा:

```
if [ "$usage" -gt 80 ]; then
if (( usage > 80 )); then
```

दोन्ही फक्त पूर्णांकांसाठी, 2.5 दिलंत तर एरर येईल. शिवाय `(( ))` मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान समजला जातो, त्यामुळे तारखेतून आलेले `08` आणि `09` तिथे अडतात. एकेरी कंसातला `-gt` त्यांना मुकाट्याने आठ आणि नऊ मानतो.