तीन मार्कांचा उमेदवार

बी.कॉम.ला मला 58 टक्के पडले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला 55 टक्के असले की सीएची फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं, म्हणून मी डायरेक्ट एन्ट्रीनं शिरलो. जुलैत मेच्या परीक्षेचा निकाल लागला. ग्रुप एक पास. ग्रुप दोनमध्ये कॉस्टिंगला 43, ऑडिटला 43, एफएम-एसएमला 61. प्रत्येक पेपरला 40 लागतात, ते होते. पण तिन्ही पेपरांची बेरीज 150 लागते आणि माझी भरली 147. सगळ्या विषयांत पास आणि ग्रुपमध्ये नापास, हे आजीला समजावताना घशाला कोरड पडली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे लग्न झालं, पण सही राहिली."

शेजारच्या काकांनी मात्र धीर दिला. "ग्रॅज्युएट आहेस ना? आर्टिकलशिप आधी, पास नंतर. आमचा भाचा तसाच लागला होता." म्हणून सीएच्या हाताखालच्या त्या उमेदवारीसाठी मी सदाशिव पेठेतल्या फर्मना पाठवायला एक मेसेज लिहायला घेतला. नाव, पदवी, टक्के झरझर उतरले. 'एक्झाम स्टेटस'पाशी गाडी अडली. 'ग्रुप दोन नापास' लिहिलं, खोडलं. 'ग्रुप दोन थोडक्यात राहिला' लिहिलं, तेही खोडलं. पाऊण तासानं सुचलं, 'ग्रुप दोन अपिअर्ड'. एक अक्षर खोटं नाही. मी पेपरला बसलो होतो, याला तीन पर्यवेक्षक साक्षीदार आहेत.

उत्तर एकाही फर्मचं आलं नाही. मग फोन लावले, आणि ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. 31 तारखेला रिटर्न भरायची मुदत संपते, हे मी इन्कम टॅक्सच्या पेपरात लिहून आलो होतो. पण ती मुदत सीएच्या ऑफिसातही असते, हे लक्षात आलं नाही. पहिल्या ठिकाणी मॅडमनी "व्हेकन्सी" हा शब्द पुरता होण्याआधीच विचारलं, "फॉर्म सोळा आणलाय का?" दुसरीकडे, "बोथ ग्रुप्स?" मी म्हटलं, "अपिअर्ड." त्या म्हणाल्या, "अपिअर तर सगळेच होतात हो," आणि फोन ठेवला.

तिसऱ्या ठिकाणी थेट गेलो. ओरिएंटेशन कोर्सच्या पंधरा दिवसांसाठी घेतलेला टाय होता, तो बांधला. दोन मजले, लाकडी जिना, प्रत्येक पायरीवर दोरीनं बांधलेल्या फायलींचे गठ्ठे. सर कानाला फोन लावून हातानं व्हाउचर उलटत होते. माझा कागद त्यांनी वरपासून वाचलाच नाही, बोट सरळ स्टेटसवर ठेवलं.

"अपिअर्ड म्हणजे किती?"

"147, सर."

"एक्झम्प्शन?"

"एफएम-एसएमला आहे, 61."

सरांनी फोन खाली ठेवला. मार्कांवर बोलताना सीए माणूस एकदम मायाळू होतो. "मग रडतोस कशाला? साठाच्या वर गेलेला पेपर पुढचे तीन अटेम्प्ट पुन्हा द्यायचा नाही. ते 61 धरलेच जातात. उरलेल्या दोन पेपरांत मिळून 89 आण, फक्त दोन्हींत चाळिशी सोडू नकोस. सप्टेंबरला बस."

"पण सर, तोपर्यंत आर्टिकलशिप? काकांचा भाचा तर…"

"भाचा जुन्या स्कीमचा. 2023 च्या जुलैपासून डायरेक्ट एन्ट्रीवाल्यालाही दोन्ही ग्रुप आधी. मी आज तुला घेतलं तरी इन्स्टिट्यूट तुझी नोंदणी करणार नाही, आणि इथे घासलेला एक दिवसही आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत धरला जाणार नाही." मग चष्म्यावरून माझ्या टायकडे बघत, "निकाल नोव्हेंबरात लागेल, तेव्हा ये. 'अपिअर्ड' लिहू नकोस. मार्क लिही. इथे आकडाच वाचतात."

मी उठलो. सरांनी खिडकीतून जिन्याकडे पाहिलं. तिथे चार क्लायंट उभे होते. आतल्या टेबलावर एकुलता एक आर्टिकल कॅल्क्युलेटरवर डोकं टेकून बसला होता.

"आलाच आहेस तर बस जरा. एवढं बँक बुक टॅली करून दे. शिकायला मिळेल."

टाय सैल केला आणि बसलो. पासबुक एका बाजूला, बुक दुसऱ्या बाजूला, पेन्सिलीनं टिका. पाच वाजता चहा आला, सात वाजता दुसरा. साडेसातला मी भीत भीत सांगितलं, "सर, झालं. तीनच रुपयांचा फरक राहतोय."

सरांनी मान वर केली. "तीनच?"

रात्री पावणेनऊला सापडले. बँकेनं एसएमएसचे कापले होते.