मधाची धार आणि इंजिन ऑइलची अफवा

«जाहिरातीत मध ओततात ना, तो मध नसतोच, गाडीचं इंजिन ऑइल असतं. खरा मध कॅमेऱ्यात चमकत नाही, लगेच मुरतो, आणि तशी धार टिपायला हजार फ्रेमचा कॅमेरा लागतो. म्हणून आपल्या घरच्या मधाचा फोटो कधीच तसा येत नाही. पुढे पाठवा.»

हा निरोप मला वर्षातून चार-पाच वेळा येतो, बहुतेक वेळा नातेवाइकांकडून. मी पदार्थांचे फोटो आणि छोट्या जाहिराती करतो, त्यामुळे «खरं काय ते सांग» हेही त्यासोबत येतंच. एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी ऑइलचं बघू. मोटरसायकलमध्ये घालतात ते ट्वेंटी-डब्ल्यू-फॉर्टी आणि मध एकाच तापमानाला शेजारी शेजारी ओतून बघा. मध किमान वीस-पंचवीस पट घट्ट असतो. ऑइलची धार खाली पोचताच पसरते. मधाची धार खाली पोचते आणि तिथं अडते, कारण खालचा मध तिला वाट द्यायला तयार नसतो. मग ती दोरीसारखी स्वतःभोवती वेटोळी घालते, वेटोळ्यांचा छोटा ढीग होतो आणि तो सावकाश खचत जातो. मध ओळखू येतो तो या खचण्यावरून. नव्या ऑइलचा रंग मधाच्या जवळचा असतो हे खरं, एखाद्या स्थिर फोटोत ते खपूनही जाईल. पण धार हलताना दाखवायची असेल तर ऑइल पहिल्या सेकंदातच उघडं पडतं.

ही गोष्ट आली ती अमेरिकन पॅनकेकच्या जाहिरातींवरून. तिकडे पॅनकेकवर ओततात तो मेपलचा पाक. तो मधापेक्षा बराच पातळ, घट्टपणात इंजिन ऑइलच्या आसपासचा, आणि सच्छिद्र पॅनकेकमध्ये भराभर शिरणारा. त्याच्या जागी ऑइल वापरल्याच्या गोष्टींना म्हणूनच निदान काही तर्क आहे. निरोप मराठीत येईपर्यंत पाकाचा मध झाला आणि तर्क वाटेत सांडला.

आता चमक. यात लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून इथं थोडा थांबतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी मधाचा पृष्ठभाग साधारण चार टक्के परत फेकतो. इंजिन ऑइलही जवळपास तेवढाच फेकतं. म्हणजे ऑइलमध्ये जास्तीची चमक नाहीच. फोटोत आपल्याला जी चमक दिसते ती समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब असतं. दिवा उघडा बल्ब असेल तर मधावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. तोच दिवा मोठ्या पांढऱ्या कापडामागे ठेवला की धारेच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत एक सलग पांढरी रेघ उतरते. आपण «तकाकी» म्हणतो ती हीच रेघ.

रंगाचं वेगळं. मधाचा सोनेरीपणा समोरून येत नाही, मागून आरपार येणाऱ्या उजेडातून येतो. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, गडद ओट्यासमोर मध ओतला तर धार काळपट तपकिरीच दिसणार. मागे उजळ पांढरा कागद धरा आणि बघा. आणखी एक गंमत: उभी धार ही एक लांबट भिंग असते, ती मागचं चित्र डावं-उजवं उलटवते. कागद डावीकडे सरकवला की धारेतला उजेडाचा पट्टा उजवीकडे जातो. पहिल्यांदा हे करताना मी दहा मिनिटं चुकीच्या बाजूला कागद हलवत बसलो होतो. धारेच्या कडा ठसठशीत हव्या असतील तर पांढऱ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करायच्या.

मुरण्याबद्दल निरोपात थोडं तथ्य आहे, पण उपाय ऑइल नाही. मागच्या उन्हाळ्यात एका छोट्या मधविक्रेत्यासाठी आम्ही आंबोळ्यांच्या चवडीवर मध ओतत होतो. आंबोळीची जाळी म्हणजे मधाला आयती बिळं. आंबोळ्या पूर्ण गार केल्या, वरच्या दोघींना ब्रशने पातळ तूप लावलं आणि तूप थिजेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवल्या. थिजलेल्या तुपावर मध पसरतो, आत शिरायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपलं काम होतं.

त्या दिवशी खरी अडचण वेगळीच निघाली. खोलीत चौतीस अंश, पंखा बंद, आणि मध पाण्यासारखा धावत होता. धार सरळ चवडीवरून घसरून ताटलीत. मधाचा घट्टपणा तापमानावर फार बदलतो. पंचविसाचा पस्तीस अंश झाला की तो निम्म्याहूनही खाली येतो. बाटली साध्या गार पाण्याच्या पातेल्यात वीस मिनिटं ठेवली, तेव्हा कुठे वेटोळी पडायला लागली. फ्रिजमध्ये ठेवला असता तर धार न पडता नुसते गोळे लोंबले असते. तोवर मदतनीसाने दुसरी बाटली «एकसारखी व्हावी» म्हणून चमच्याने ढवळली होती. आत हवेचे बारीक बुडबुडे अडकले आणि मागून उजेड टाकल्यावर धार दुधाळ दिसू लागली. घट्ट मधातले बुडबुडे वर यायला तासन् तास लागतात. ती बाटली बाजूला ठेवली, न हलवलेली उघडली.

ओतायला पिळायची बाटली घेऊ नका. हाताच्या दाबाबरोबर धार जाड-बारीक होते आणि ते दिसतं. आम्ही मोठ्या सिरिंजचं टोक कापून तोंड पाच मिलिमीटरचं केलं आणि ती स्टँडला चवडीच्या वर वीतभर उंचीवर बांधली. उंची फार वाढवली तर धार सुतासारखी होऊन हलक्या वाऱ्यानेही डोलते. फार कमी केली तर वेटोळी पडत नाहीत, नुसता ढिगारा होतो.

राहिला हजार फ्रेमचा कॅमेरा. तो लागतो उडणाऱ्या थेंबांना, दुधात पडणाऱ्या स्ट्रॉबेरीला. मधाचं वेटोळं फिरताना साध्या डोळ्यांना दिसतं, त्याला सेकंदाला शंभर फ्रेम पुष्कळ झाल्या, आणि हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये त्याहून जास्त मिळतात. फोनवर घात होतो तो दुसरीकडे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे घरातले स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही, पण स्लो-मोशनमध्ये सगळं चित्र धडधडतं. दिवसा खिडकीच्या उजेडात, खिडकी मधाच्या मागे येईल असं बसा. ही तक्रार राहणारच नाही.

बनावट धार असतेच, नाही असं नाही. मोठ्या जाहिरातींत ती कधी कधी संगणकावर बनवतात. ती पकडायची तर धारेची जाडी बघा. खरी धार खाली जाताना वेग घेते म्हणून बारीक होत जाते. वरपासून खालपर्यंत नळीसारखी एकसारखी जाड धार दिसली, किंवा ढीग न होताच मध पसरला, तर शंका घ्या.

आणि «फसवतात» म्हणाल तर त्याचाही इतिहास आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, आणि 1970 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्याला आक्षेप घेतला. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. मध विकणाऱ्याने मधाच्या नावाखाली ऑइल दाखवलं तर तो पायावर धोंडा पाडून घेईल, तोही दोनशे रुपयांच्या मधाची बचत करायला. त्या दिवशी आमचा पाऊण किलो मध लागला. शेवटच्या आंबोळ्या आम्हीच खाल्ल्या.