मीठ-बर्फ गुडघ्यावर बांधण्याआधी पॉटात काय होतं ते बघा

"मीठ थंड गुणाचे असल्याने बर्फाला अधिक थंड करते व वितळू देत नाही. म्हणूनच आपले पूर्वज आइस्क्रीमच्या पॉटात खडेमीठ टाकत. आयोडीनचे बारीक मीठ मेलेले असते, त्याने हे होत नाही. जितके मीठ जास्त तितकी थंडी जास्त. हाच मीठ-बर्फ फडक्यात बांधून १५ मिनिटे गुडघ्यावर ठेवा, दुखणे मुळापासून जाते. १००% नैसर्गिक. पुढे पाठवा."

पाठवणाऱ्यांनी पुढे पाठवलं. आमच्या आत्याने त्याच्याही पुढे जाऊन करून पाहिलं. तिच्या उजव्या गुडघ्यावर आता दोन रुपयाच्या नाण्याएवढा फोड आहे. त्यामुळे सुरात थोडा वैताग दिसला तर समजून घ्या.

सगळ्यात मोठी थाप "वितळू देत नाही" ही. नेमकं उलट आहे. मीठ बर्फाला वितळायला लावतं, आणि पॉट थंड होतो तो त्या वितळण्यामुळेच. पटत नसेल तर दोन स्टीलच्या वाट्यांत सारखाच कुटलेला बर्फ घ्या, एकीत दोन चमचे मीठ टाकून ढवळा आणि दोन्ही ओल्या फडक्यावर ठेवा. मिठाच्या वाटीत आधी पाणी सुटेल. तरीही बाहेरून पांढरं हिव धरेल ते तिलाच, आणि उचलायला जाल तर फडकं वाटीला चिकटून वर येईल. दुसऱ्या वाटीला नुसता घाम फुटलेला असेल.

शून्य अंशाला ओल्या बर्फाच्या पृष्ठभागावर दुतर्फा ये-जा चालू असते. पाण्याचे काही रेणू बर्फातून सुटतात, तितकेच परत येऊन बसतात. मीठ पडलं की ते त्या ओलीत विरघळतं आणि त्याचे कण पाण्यात घुसून जागा अडवतात. परत बसणारे रेणू कमी होतात, सुटणारे मात्र तेवढेच राहतात. मग वितळण्याचं पारडं जड होतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी उष्णता लागते. ती बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि शेवटी आतल्या डब्यातल्या दुधातून ओढली जाते. म्हणून तापमान शून्याच्या खाली घसरतं. मिठाने थंडी आणली नाही, वितळायला भाग पाडलं. थंडीचं बिल बर्फाने भरलं.

आता "थंड गुण". रसायनशास्त्रात याला कोलिगेटिव्ह गुणधर्म म्हणतात. अर्थ सोपा आहे: विरघळलेला पदार्थ कोणता याला महत्त्व नाही, त्याचे कण किती याला आहे. साखर टाकली तरी हेच होतं. फक्त साखरेचा रेणू बोजड, आणि तो फुटत नाही. मीठ हलकं, आणि पाण्यात त्याच्या प्रत्येक जोडीचे दोन कण होतात. अर्धा किलो मिठात जितके कण सुटतात तितके साखरेतून काढायचे तर ढोबळ हिशेबाने पावणेसहा किलोच्या वर साखर लागेल. मीठ वापरतात ते स्वस्त पडतं म्हणून, त्याच्या प्रकृतीमुळे नाही.

आणि हाच हिशेब डब्याच्या आतही चालू असतो, ज्याचा फॉरवर्डवाल्याला पत्ताच नाही. एक लिटर दूध घ्या, त्यात १५० ग्रॅम साखर. नुसतं दूधच उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागतं, कारण त्यात दुधातली साखर आणि क्षार आधीच विरघळलेले असतात. आपल्या साखरेने आणखी जवळपास एक अंश खाली जातं. म्हणजे हे मिश्रण उणे दीडला गोठायला सुरुवात करणार, आणि पुढे जसजसं पाणी बर्फ होऊन बाजूला पडेल तसतसं उरलेलं अधिक गोड होत जाईल आणि आणखी खालचं तापमान मागेल. बाहेर नुसता ओला बर्फ असेल तर तो शून्यावर अडलेला. रात्रभर हँडल फिरवा, गार दूध मिळेल, आइस्क्रीम नाही.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. मीठ विरघळताना स्वतःही थोडी उष्णता घेतं. पण अर्धा किलो मिठाची ही ओढ जेमतेम शंभर ग्रॅम बर्फ वितळण्याएवढी. तीन किलो बर्फापुढे ती कुठे लागते?

आयोडीनचं दोन ओळीत संपवतो. किलोमागे काही मिलिग्रॅम आयोडीनने काही मरत नाही, बारीक मिठानेही पॉट लागतो. जाडं मीठ बरं पडतं कारण ते सावकाश विरघळतं आणि थरांत टिकून राहतं, बारीक मीठ भराभर विरघळून पाण्याबरोबर तळाशी जातं. आणि मीठच हवं असंही नाही. फॅरेनहाइटने १७२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या तापमापकाची पद्धत छापली, त्यात त्याने शून्य धरला तो बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा. आपल्या मापाने ते उणे १८ च्या जवळ येतं. नवसागरसुद्धा थंड गुणाचा आणि जिवंत म्हणायचा का?

"जितकं जास्त" हेही चूक. मीठ-बर्फाला तळ आहे: उणे २१ अंश, जेव्हा खाऱ्या पाण्यात वजनाने साधारण २३ टक्के मीठ असतं. त्याच्यापुढे टाकलेलं मीठ बादलीच्या बुडाशी बसून राहतं. शिवाय आइस्क्रीमला तो तळ नकोच असतो. फार थंडीत दूध डब्याच्या कडेला कडक धरतं, पाती अडते आणि मधे पातळच राहतं. तीन किलो बर्फाला अर्धा किलो मीठ पुरतं. बर्फ फ्रीझरमधून कोरडा खडखडीत काढला असेल तर सुरुवातीला पेलाभर पाणी ओता, ओल नसेल तर मीठ विरघळणार कशात? बादलीला वरच्या बाजूला भोक असतं, ते खारं पाणी झाकणापर्यंत चढू नये म्हणून. ते बुजलं तर आइस्क्रीम खारट. पण म्हणून सगळं पाणीही काढू नका. बर्फाचे खडे डब्याला ठिकठिकाणीच टेकतात, मधल्या फटी भरून डब्याची उष्णता ओढणारं ते खारं पाणीच असतं.

आता गुडघा. वितळता, ओला बर्फ शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून फडक्यातून थोडा वेळ लावला तर सहसा निभावतं. त्यात मीठ पडलं की तेच फडकं उणे दहा-पंधराला जातं, आणि कातडी शून्याच्या थोडं खाली गोठायला लागते. पॉटात दुधाचं जे होतं तेच इथे पेशींतल्या पाण्याचं होतं. घात असा की आधी ती जागा बधिर होते. आत्या म्हणाली, "पाच मिनिटांनी दुखणं थांबलं, म्हटलं गुण आला." गुण नव्हता, संवेदना गेली होती. तिला मधुमेह आहे, पायाला आधीच कमी कळतं. ती पूर्ण १५ मिनिटं बसली. फडकं काढलं तेव्हा जागा पांढरी आणि मेणासारखी कडक होती, फोड रात्री आला. दहा-बारा वर्षांपूर्वी परदेशात शाळकरी मुलं पैजेखातर हातावर मीठ-बर्फ धरायची. त्यांचे असेच भाजल्यासारखे फोड डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेत.

कुणी हे केलंच असेल तर आधी साध्या पाण्याने मीठ धुवा, मग ती जागा कोमट पाण्यात धरा. चोळू नका. गरम पाण्याची पिशवीही नको, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. फोड फोडू नका, डॉक्टरला दाखवा.

आत्याला रोज ड्रेसिंगला नेतोय. तिच्या भिशीच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं, तर खाली लगेच एकीने विचारलं, "मग सैंधव चालेल का?"