लंडनमध्ये 2450 रुपये किलो चिवडा: तक्रारीला आमचं उत्तर

★☆☆☆☆ «पुण्यात असताना तुमच्या साइटवर पोह्यांचा चिवडा 320 रुपये किलो दिसायचा. लंडनला मुलाकडे आलो तर तोच पौंडांत, म्हणजे जवळपास 2450 रुपये! पेढे तर ‘उपलब्ध नाहीत’. व्हीपीएन लावून भारतातला भाव मिळवला, तर ऑर्डरच नाकारली. परदेशातल्या मराठी माणसाला लुटायचा धंदा आहे हा.»

नमस्कार काका,

राग समजतो, म्हणून हिशोबच उघड मांडतो. 320 मधून जीएसटी वजा केला की चिवडा उरतो 305 रुपयांचा, कारण निर्यातीवर तो लागत नाही. खरा खर्च विमानाच्या कुरिअरचा आहे. चिवडा हलका, पण जागा फार खातो आणि कुरिअरवाले जागेचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. आमचा खोका 30 × 25 × 20 चा, म्हणजे आत किलोभरच माल असला तरी बिल 3 किलोचं. आमच्या दरानं त्याचे 1650. पेमेंट आणि चलन बदलाचे 85. या 2040 वर ब्रिटनचा 20 टक्के व्हॅट, 408. तिथे 135 पौंडांपर्यंतच्या पार्सलवर तो विक्रेत्यालाच विक्रीच्या वेळी घेऊन भरावा लागतो. झाले 2448. (त्याच खोक्यात अडीच किलो थालीपिठाची भाजणी मावते आणि कुरिअर तेवढंच पडतं. घरच्यांना आम्ही भाजणीच सुचवतो.)

पेढ्यांचं कारण वेगळं. भारतातून दुधाचे पदार्थ असे पार्सलनं ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, सापडले की जप्त होतात. तुपातले लाडूही आम्ही जोखीम नको म्हणून तिकडे पाठवत नाही.

व्हीपीएनचं म्हणाल तर, त्यानं फक्त तुमचा आयपी पत्ता भारतातला दिसतो. दाखवायचा भाव साइट तेव्हा त्यावरूनच ठरवायची. पण ऑर्डर करताना पत्ता लंडनचा आला आणि कार्डही तिकडच्या बँकेचं. भारताच्या भावात कुरिअर धरलेलंच नाही, त्यामुळे यंत्रणेनं ऑर्डर अडवली. बरंच झालं, नाहीतर फोन करून वरचे दोन हजार मागायची पाळी माझ्यावर आली असती.

चूक आमचीही आहे. लंडनमध्ये बसून कुणी पुण्यातल्या आईला पेढे पाठवू पाहिलं, तरी आमची साइट ‘उपलब्ध नाहीत’ म्हणायची. माणूस कुठे बसलाय ते पाहत होतो, खोका कुठे जाणार ते विचारतच नव्हतो. आता पानाच्या वरच ‘कुठे पाठवायचं?’ असा पर्याय दिलाय. तिथे भारत निवडून पुण्याचा पत्ता टाकलात, तर लंडनमधूनही चिवडा 320 लाच मिळेल आणि पेढेही जातील. लंडन निवडलंत तर भावाखाली वरची फोड दिसेल.