सरासरी सात

माझ्या प्रात्यक्षिकाचा अहवाल मध्यंतरी परत आला. निरीक्षणांच्या तक्त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनसमोर मी ११.४ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे लिहिले होते. त्या आकड्याभोवती लाल शाईचे वर्तुळ काढून शेजारी 'अशक्य, पुन्हा लिहा' असा शेरा मारलेला होता. 'पुन्हा करा' असे म्हटले असते, तर मी समजू शकले असते. चाचणी तशीच राहू द्यावी आणि अहवाल तेवढा नव्याने लिहावा, ही सूचना मात्र माझ्या अजूनही पचनी पडलेली नाही.

नमुना कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याचा होता. दुपारी तीनच्या सुमारास, संध्यामठाच्या बाजूला, पाणी हिरवेगार असताना तो घेतला होता. काचेच्या बुचाची तीनशे मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरकी धरून, आत बुडबुडा राहणार नाही अशा बेताने भरली. तिथेच काठावर बसून, पिपेटचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून, दोन मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर अल्कली आयोडाइड अझाइड तिच्यात सोडले. हे काम काठावरच उरकावे लागते, कारण बाटलीत पाण्याबरोबर शेवाळही आलेले असते. ते उजेडात ऑक्सिजन तयार करत राहते आणि पिशवीच्या अंधारात तोच वापरू लागते. रसायने पडल्यावर ऑक्सिजन मँगनीजशी बांधला जातो आणि पुढे प्रयोगशाळेपर्यंत नेण्यात फारसा धोका उरत नाही. ऑक्सिजन जवळजवळ नसेल, तर साका पांढरा राहतो. माझ्या बाटलीत मात्र काकवीच्या रंगाचा दाट साका बसला, आणि आकडा मोठा येणार हे मला तेव्हाच समजायला हवे होते असे कोणाला वाटत असेल, तर मला ते समजले होते.

एवढे सगळे करून मी काठावरून उठले तेव्हा भेळ खात उभ्या असलेल्या एका कुटुंबाने, महापालिकेची माणसे येऊन पाण्यात औषध टाकत आहेत, असा निष्कर्ष काढून मला धन्यवाद दिले. संपूर्ण प्रकरणात माझ्या कामाचे झालेले कौतुक तेवढेच.

अहवाल नव्याने छापून घेण्यासाठी मी महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथले काका टायपिंग करतात, स्पायरल बाइंडिंग करतात आणि मागच्या अनेक तुकड्यांचे अहवाल संगणकात जपून ठेवतात. त्यामुळे पर्यावरणशास्त्राचा त्यांच्याइतका सलग अभ्यास आमच्या विभागात कोणाचाही झालेला नसावा. त्यांनी लाल वर्तुळ पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं पोरी, अकरा कुठं असतंय व्हय? रंकाळ्याला सात असतंय."

"काका, सात कोणी ठरवले?"

"ठरवतंय कोण? चालत आलंय. हे बघ." त्यांनी एक फाइल उघडली. तिच्यात पंचगंगा, रंकाळा, कळंबा, बोअर आणि घरचा नळ अशा ओळी होत्या आणि प्रत्येकीसमोर पीएच, गढूळपणा आणि डीओ म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन यांचे आकडे तयार होते. पंचगंगेचा पीएच ७.४, रंकाळ्याचा ७.६, नळाचा ७.०. गढूळपणा सगळीकडे ४ एनटीयू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसल्यास ५ पर्यंत सूट आहे, हे काकांना पाठ होते, आणि ४ लिहिले म्हणजे कोणी काही विचारत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

माझा पीएच ९.१ आणि गढूळपणा ३४ एनटीयू होता. ते पाहून त्यांनी अत्यंत सहानुभूतीने विचारले, "मीटर बिघडलाय का तुमचा?"

मीटर बिघडलेला नव्हता. चार, सात आणि ९.२ या तिन्ही बफर द्रावणांवर तो तपासून घेतला होता. गढूळपणा मोजणारा नेफेलोमीटरही शून्यावर आणि प्रमाणित द्रावणावर लावून घेतला होता. उलट त्या यंत्राने मला वेगळाच त्रास दिला. पाण्यात ऑक्सिजन क्षमतेपेक्षा जास्त असल्यामुळे, नमुना खोलीत थोडा कोमट होताच काचेच्या नळीच्या आतल्या भिंतीवर बारीक बुडबुडे धरू लागले. हे यंत्र काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजते आणि त्याला शेवाळ व बुडबुडा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा एकसारखा चढत राहिला. नळी हलकेच टिचकी मारून, पुसून, बुडबुडे जाईपर्यंत थांबल्यावर तो ३४ वर स्थिरावला. बुडबुडे धरणारे पाणी हाच ऑक्सिजन जास्त असल्याचा दुसरा पुरावा होता, पण अहवालाच्या छापील नमुन्यात पुराव्यासाठी रकाना नाही. तिथे उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष एवढेच आहे, आणि कृती भूतकाळी कर्मणी प्रयोगात लिहावी लागते. 'नमुना घेण्यात आला' असे लिहिले की कोणी, किती वाजता आणि कोणत्या उन्हात, हे आपोआप गळून पडते. माझ्या मते निम्मे शास्त्र तिथेच सांडते, पण ते असो.

मी काकांना समजावून सांगू लागले. टायट्रेशनसाठी बाटलीतले २०३ मिलिलिटर घेतात. रसायनांनी सांडलेले पाणी वजा जाता त्यात मूळ नमुना दोनशे मिलिलिटर उरतो, आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरले की ब्युरेटचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम प्रतिलिटर असा सरळ हिशेब होतो. पिवळा रंग फिका झाल्यावरच स्टार्च घातला, निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबले, आणि थोड्या वेळाने परत आलेल्या निळ्याकडे दुर्लक्ष केले. दुसऱ्या बाटलीचा आकडाही जवळजवळ तोच आला. सत्तावीस अंश तापमानाला समुद्रसपाटीवर पाणी हवेतून आठाच्या आसपास ऑक्सिजन धरते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या जवळपास उंचीवर असल्याने इथे ते साधारण साडेसातच धरेल. ११.४ म्हणजे त्याच्या दीडपट झाले. एवढा ऑक्सिजन हवेतून येऊच शकत नाही. तो उन्हात शेवाळानेच तयार केलेला असतो, आणि ते करताना शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून पीएच नवाच्या वर चढतो. पाणी गढूळ दिसते तेही मातीने नव्हे, त्याच शेवाळाने. तिन्ही आकडे एकमेकांची साक्ष देत होते. त्यांतला एकच सातावर आणून बसवला, तर उरलेले दोन खोटे ठरले असते.

काकांनी हे सगळे शांतपणे ऐकले, मधल्या काळात दोन आधार कार्डांच्या प्रती काढून दिल्या, आणि मग म्हणाले, "बरं, एवढा ऑक्सिजन हाय म्हणतीस, मग मासं कशाला मरत्यात? मी रोज पहाटं फिरायला जातो. एखाद्या दिवशी काठाला मासं उलटं पडल्यालं असत्यात. ऑक्सिजन खाऊन मरत्यात व्हय?"

हा प्रश्न खरे तर लाल शाईने विचारायला हवा होता. रात्री ऊन नसते, शेवाळ श्वसन करतच राहते, तळाचा गाळही ऑक्सिजन खात राहतो, आणि सूर्य उगवण्याच्या सुमाराला साठा सर्वांत कमी झालेला असतो. दुपारी दीडपट असलेले तळे पहाटे जवळजवळ रिकामे होऊ शकते. पण हे सांगण्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी पहाटेच बाटल्या घेऊन त्याच ठिकाणी गेले. काका फेरी मारता मारता तिथे थांबले आणि साका बसताना बघत उभे राहिले. तो पहिल्यापेक्षा स्पष्टपणे फिका होता. बाटलीत बुडबुडा अडकू नये म्हणून मी त्या वेळी अधिक जपले, कारण ऑक्सिजन कमी असलेल्या नमुन्यात अडकलेली हवा आकडा वर ढकलते. ब्युरेट २.६ वर थांबला. पाणी तेवीस अंशांना होते, म्हणजे क्षमता आठाच्या घरात आणि प्रत्यक्षात तिच्या एक तृतीयांश ऑक्सिजन. पीएच ७.९ पर्यंत उतरला होता.

हे आकडे घेऊन मी दुकानात गेले तेव्हा आता निदान एका माणसाचे तरी समाधान होईल, अशी माझी समजूत होती. काकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"दुपारचं किती?"

"अकरा पूर्णांक चार."

"आणि सकाळचं दोन सहा. झालं की मग. बेरीज चौदा, भागिले दोन." त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. "सात. मी काय म्हणत हुतो?"

मी त्यांना सांगितले की सरासरी काढता येत नाही, कारण मासा सरासरीत जगत नाही, तो पहाटेच्या पाण्यात मरतो. काका म्हणाले, "मासा मार्क देतोय व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. एका नमुन्याला एकच आकडा मागणारा तक्ता, दहापैकी दोन गुण अक्षराला देणारी पद्धत आणि वेळेचा रकाना नसलेला छापील नमुना यांच्यात खरे मोजलेले पाणी कुठे बसवायचे, हे कोणी शिकवत नाही. आमच्या तुकडीतल्या ज्यांनी रंकाळा न पाहता सात लिहिले, त्यांच्या अहवालांवर एकही लाल खूण आली नाही. त्यांपैकी एकीने तर पाण्याचे तापमान लिहिलेलेच नव्हते, आणि तापमानाशिवाय सात कमी की जास्त हे सांगताच येत नाही.

शेवटी मी तक्त्यात वेळ आणि तापमान असे दोन रकाने स्वतः आखले, दोन्ही नमुने शेजारी शेजारी लिहिले आणि निष्कर्षात तळ्यात शेवाळाची अतिवाढ आहे, असे मांडले. काकांनी ते मन लावून टाइप केले आणि वाढीव पानांचे पैसे न चुकता घेतले.

परवा एक ज्युनिअर मुलगी त्यांच्या दुकानात बसून अहवाल छापून घेत होती. तिचा नमुना पंचगंगेचा होता. काकांनी फाइल उघडली, तेव्हा तिच्यात नव्या ओळी दिसल्या. रंकाळा, दुपार : ११.४. रंकाळा, पहाट : २.६. आणि त्यांच्या खाली, कोणीही न मोजलेले, पंचगंगा, दुपार : ११.४.

"काका, नदीला हे लागू नाही," मी म्हटले. "तिथले पाणी वाहते असते."

"आसू दे गं," काका म्हणाले, "एकाच गावातलं पाणी हाय." आणि त्यांनी प्रिंट दिली.